‘किंवा’ या शब्दात अडकलेल्या पाच जणी : इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे काय

मागच्या वेळी आपण भेदभावविरोधी कायदे कसे आले ते बघितलं. आज एका शब्दाकडे वळू या. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो आणि तितकाच ढिसाळपणे वापरला जातो. तो म्हणजे इंटरसेक्शनॅलिटी. मराठीत यासाठी एकच रुळलेला शब्द नाही, म्हणून आपण हाच शब्द ठेवू आणि गरज पडेल तिथे ‘छेदबिंदूचा विचार’ म्हणू. दोन रस्ते एकमेकांना जिथे छेदतात तो चौक, एवढी प्रतिमा मनात असू द्या.

व्याख्येपासून सुरुवात केली तर हा विषय हातातून निसटतो. कुणी म्हणतं, प्रत्येक माणसाच्या अनेक ओळखी असतात. बरोबर आहे, पण हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. मग १९८९ साली अमेरिकेत किम्बर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंना नवा शब्द का घडवावा लागला? कारण त्यांच्यासमोर काही खटले होते, आणि त्या खटल्यांत न्याय मागायला आलेल्या माणसांचं दुःख कायद्याच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. त्यातला एक खटला आज आपण नीट उलगडून बघणार आहोत.

सेंट लुइसचा कारखाना

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट लुइस शहर आहे. तिथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. १९७० च्या दशकात एमा डीग्राफनरीड आणि आणखी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी कंपनीवर खटला भरला. १९७६ साली जिल्हा न्यायालयाचा निकाल आला. पुराव्यात जे पुढे आलं ते क्रेनशॉ यांनी असं मांडलं आहे : १९६४ पूर्वी या कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. १९७० नंतर ज्या घेतल्या गेल्या, त्या सगळ्या पुढच्या मंदीतल्या कपातीत बाहेर पडल्या.

ही कपात कशी झाली? कुणी मुकादमाने उभं राहून ‘तू काळी आहेस, तू बाई आहेस, तू जा’ असं म्हटलं नाही. कपात सेवाज्येष्ठतेने झाली. जो शेवटी आला तो आधी बाहेर. आता हा नियम वाईट आहे का? जरा थांबून विचार करू या, कारण या गोष्टीत वर्गाचा प्रश्न इथेच येतो. अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनने १९३० च्या दशकात संप करून, कारखान्यात ठिय्या देऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यात सेवाज्येष्ठता होती. त्याआधी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं हे मुकादमाच्या मर्जीवर असे. त्याच्या पुढे पुढे करणारा टिके, तोंड उघडणारा जाई. तारखेचा नियम आला आणि कामगाराला पाठ टेकायला भिंत मिळाली. म्हणजे हा नियम कामगार म्हणून माणसाचं रक्षण करणारा होता.

पण हा नियम फक्त तारीख बघतो. तारीख अशी का आहे, हे तो विचारत नाही. पांढऱ्या पुरुषाची तारीख १९५५ असू शकते, काळ्या पुरुषाची १९५८, पांढऱ्या बाईची १९६०. काळ्या बाईची तारीख १९६४ च्या आधीची असणं जवळपास अशक्य, कारण आधी दारच बंद होतं. त्यामुळे काल झालेला अन्याय आज ‘तटस्थ’ नियमाच्या वाटेने पुन्हा त्याच माणसापर्यंत पोचला. कामगारवर्गाने मिळवलेलं संरक्षण कामगारवर्गातल्याच एका गटाला लागू पडलं नाही.

न्यायालयाने काय बघितलं

या पाच जणींचं म्हणणं साधं होतं : हा नियम कृष्णवर्णीय स्त्रिया म्हणून आमच्यावर अन्याय करतो. त्यांनी आधार घेतला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या भागाचा. या भागात म्हटलं आहे की वंश, रंग, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ या कारणाने नोकरीत भेदभाव करता येणार नाही. यादीतला ‘किंवा’ लक्षात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

न्यायालयाने या तक्रारीचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा लिंगाचा. कंपनीने १९६४ च्या आधी स्त्रियांना नोकरी दिली होती का? दिली होती. मग लिंगावरून भेदभाव दिसत नाही. त्या सगळ्या स्त्रिया पांढऱ्या होत्या, याने न्यायालयाच्या हिशेबात फरक पडला नाही. दुसरा तुकडा वंशाचा. याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा एक खटला आधीच चालू होता. न्यायालयाने सुचवलं, तुम्ही त्यात सामील व्हा. या स्त्रियांचं म्हणणं असं, की आमची तक्रार निव्वळ वंशाची नाही, मग त्या खटल्यात गेलो तर आमची गोष्टच हरवते.

आणि दोन्ही एकत्र? ते न्यायालयाला मान्य नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी ‘कृष्णवर्णीय स्त्रिया’ असा वेगळा संरक्षित वर्ग केल्याचं दिसत नाही, असं निकाल म्हणतो. वंश म्हणून तक्रार करा, लिंग म्हणून करा, पण दोन्ही जोडून नवा वर्ग तयार केला तर या स्त्रियांना इतरांपेक्षा जास्त मोठा उपाय दिल्यासारखं होईल, आणि मग अशा जोड्यांना अंतच राहणार नाही, ही न्यायालयाची भीती होती.

१९७७ साली वरच्या न्यायालयाने सांगितलं, की खालच्या न्यायालयाचा हा विचार आम्हाला पूर्णपणे मान्य नाही. तरी सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्यावर या स्त्रियांना काही मिळालं नाही. कारण त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवलं होतं, की सेवाज्येष्ठतेची पद्धत प्रामाणिकपणे चालवलेली असेल तर कायदा येण्यापूर्वीचा भेदभाव ती पुढे चालू ठेवते एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही.

हिशेब मांडून बघू

आता कुणी म्हणेल, न्यायालयाने तर दोन्ही बाजू तपासल्या, मग चुकलं कुठे? हे कळायला एक काल्पनिक कारखाना घेऊ. यातले आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, ते सेंट लुइसचे नाहीत.

समजा कारखान्यात १००० माणसं आहेत. ६०० पांढरे पुरुष, २०० काळे पुरुष, २०० पांढऱ्या स्त्रिया. काळी स्त्री एकही नाही. आता तपासनीस येतो आणि विचारतो, काळे लोक किती? २००, म्हणजे २० टक्के. तो वहीत लिहितो. मग विचारतो, स्त्रिया किती? २००, म्हणजे २० टक्के. तेही लिहितो. शहरातल्या कामगारांशी तुलना करता हे प्रमाण अगदी वाईट नसेल, तर तो दोन्ही रकान्यांवर बरोबरची खूण करून निघून जातो.

तिसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. या दोन अडथळ्यांचा एकमेकांशी संबंध नसता, तर इथे काळ्या स्त्रिया किती असायला हव्या होत्या? १००० च्या २० टक्के २००, आणि त्यांच्या २० टक्के ४०. निदान ४० च्या आसपास असायला हव्या होत्या, आणि आहेत शून्य. हा शून्य ‘वंश’ या रकान्यात दिसत नाही, ‘लिंग’ या रकान्यातही दिसत नाही. दोन्ही रकाने एकमेकांवर आडवे-उभे ठेवले, तर जो चौकोन तयार होतो त्यातच तो दिसतो.

गोष्ट पुढे नेऊ. कायदा आला, कंपनीने १०० काळ्या स्त्रिया घेतल्या. मंदी आली, १०० जणांना कमी करायचं ठरलं. शेवटी आलेले आधी बाहेर, म्हणून त्याच १०० जणी गेल्या. तपासनीस पुन्हा आला. काळे लोक २० टक्के, स्त्रिया २० टक्के. पुन्हा दोन्ही खुणा बरोबर. मधल्या काळात एक अख्खा गट आत आला आणि बाहेर गेला, आणि शेवटच्या वहीत त्याची एक ओळही नाही.

हा शून्य तयार कसा होतो, हेही बघायला हवं. नुसता आकडा पुरत नाही. क्रेनशॉ सांगतात, अशा ठिकाणी काळ्यांसाठी म्हणून जी कामं असत ती कारखान्याच्या आतली अंगमेहनतीची, आणि ती पुरुषांची मानली जात. स्त्रियांसाठी जी असत ती टेबलावरची, टायपिंगची, आलेल्या माणसाशी बोलण्याची, आणि ती पांढऱ्या स्त्रियांची मानली जात. काळी बाई पहिल्या दारात गेली तर ती बाई म्हणून नको, दुसऱ्या दारात गेली तर ती काळी म्हणून नको. दोन्ही दारं उघडी दिसतात, आणि तिच्यासाठी एकही उघडं नसतं.

म्हणूनच ‘दुहेरी ओझं’ हा शब्द इथे अपुरा पडतो. दुहेरी म्हटलं की आपल्याला वाटतं, काळ्या पुरुषाला जे सोसावं लागतं ते अधिक पांढऱ्या बाईला जे सोसावं लागतं ते. पण कारखान्यात काळ्या पुरुषाला काम मिळत होतं आणि पांढऱ्या बाईलाही मिळत होतं. या दोघांच्या अनुभवांची बेरीज करून काळ्या बाईचा शून्य येत नाही. तो त्या चौकातच तयार होतो.

उलट्या बाजूने तीच अडचण

आता दुसरा खटला बघा, म्हणजे पेच पूर्ण कळेल. १९८३ साली ह्यूज हेलिकॉप्टर्स या कंपनीविरुद्ध मूर नावाच्या कृष्णवर्णीय बाईंचा खटला अपिलात निकाली निघाला. वरच्या पदांवर आणि देखरेखीच्या कामांवर बढती देताना भेदभाव होतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांना कंपनीतल्या सगळ्या स्त्रियांच्या वतीने लढायचं होतं. न्यायालयाने ते नाकारलं. तुम्ही तक्रार करताना ‘कृष्णवर्णीय स्त्री’ म्हणून केलीत, नुसती ‘स्त्री’ म्हणून नाही, तर पांढऱ्या स्त्रियांचं प्रतिनिधित्व तुम्ही नीट कराल याची खात्री काय? आणि आकडेवारीही फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांची धरायची. ती संख्या इतकी छोटी, की त्यातून काही सिद्ध होणं अवघड.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचू या. सेंट लुइसमध्ये सांगितलं, तुम्ही इतर स्त्रियांहून वेगळ्या नाही. दुसरीकडे सांगितलं, तुम्ही इतर स्त्रियांहून फारच वेगळ्या आहात. दोन्हीकडे हरली ती काळी बाईच.

यात आणखी एक गोष्ट लपली आहे. पांढरी बाई न्यायालयात गेली तर तिला ‘मी पांढरी स्त्री म्हणून बोलते’ असं कधी सांगावं लागत नाही. ती ‘स्त्री’ म्हणून बोलते आणि ते चालतं. काळा पुरुष ‘काळा’ म्हणून बोलतो, तेही चालतं. खरं तर पांढरी बाईही चौकातच उभी आहे, तिथे तिचं बाईपण आणि गोरेपण दोन्ही काम करतात. पण तिचा अनुभव हाच ‘स्त्रीचा अनुभव’ म्हणून मोजपट्टी झालेला असतो, म्हणून तिचा चौक दिसत नाही. इंटरसेक्शनॅलिटी ही फक्त सर्वांत खाली असलेल्यांची गोष्ट नाही, हे इथे लक्षात येतं. मोजपट्टी कुणाच्या मापाची आहे, हा तो प्रश्न आहे.

अंत कुठे?

न्यायालयाची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. आज काळी स्त्री, उद्या काळी विधवा, परवा काळी, विधवा, डावखुरी. हे थांबणार कुठे?

१९८० साली टेक्ससमधल्या एका खटल्यात, जेफरीज यांच्या खटल्यात, अपील न्यायालयाने वेगळा रस्ता घेतला. त्या ज्या संस्थेत काम करत तिथे बढती एकदा काळ्या पुरुषाला मिळाली आणि इतर जागा काळ्या नसलेल्या स्त्रियांनाही मिळाल्या होत्या. न्यायालय म्हणालं, काळे पुरुष आणि पांढऱ्या स्त्रिया यांच्याशी भेदभाव झाला नाही, एवढ्यावरून काळ्या स्त्रियांशी झाला नाही असं म्हणता येत नाही. आणि त्यांनी आधार कशाचा घेतला? त्याच ‘किंवा’चा. यादीत ‘किंवा’ आहे याचा अर्थ यातलं कुठलंही एक किंवा सगळी मिळून, असा त्यांनी लावला. शिवाय कायदा होताना ‘लिंग’ या शब्दाआधी ‘केवळ’ हा शब्द घालण्याची सूचना आली होती आणि ती फेटाळली गेली होती, याकडेही त्यांनी बोट दाखवलं. तोच कायदा, तोच शब्द. एका न्यायालयाने त्यात भिंत बघितली, दुसऱ्याने दार.

पुढे काही न्यायालयांनी मर्यादा घातली, की एका ओळखीसोबत जास्तीत जास्त आणखी एकच गोष्ट जोडता येईल. ही मर्यादा सोयीची आहे, पण ती विचाराने आलेली नाही. आम्हाला वाटतं, ओळखी किती जोडायच्या हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं : या विशिष्ट जागी पडणारा एखादा नियम, एखादी पद्धत दाखवता येते का? सेंट लुइसमध्ये दाखवता येत होती. आधी दार बंद, मग तारखेचा नियम. डावखुऱ्या विधवेच्या बाबतीत अशी पद्धत कुणी दाखवू शकणार नाही, म्हणून तिथे छेदबिंदू नाही, नुसती यादी आहे.

आकड्यांचीही मर्यादा ओळखायला हवी. आपल्या १००० च्या कारखान्यात ४० अपेक्षित आणि शून्य सापडले, हे बोलकं आहे. २० जणांच्या ऑफिसात त्याच हिशेबाने एकसुद्धा अपेक्षित नाही, ०.८ येतात. तिथल्या शून्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे कोण कधी अर्ज घेऊन आलं, काय उत्तर मिळालं, कुठल्या कामावर पाठवलं, हे एकेक करून बघावं लागतं.

आपल्याकडे

वंश म्हणजे जात नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा, चालण्याची रीत वेगळी. पण छेदबिंदूचा हा विचार भारतीय कायद्यातही आला आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातून आलेल्या पाटण जमाल वली खटल्याचा निकाल दिला. जन्मापासून अंध असलेल्या, अनुसूचित जातीच्या एका तरुणीवर बलात्कार झाला होता. गुन्हा २०११ सालचा. निकालात न्यायालयाने क्रेनशॉ यांच्या विचाराचा आधार घेऊन लिहिलं, की लिंग, जात आणि अपंगत्व यांना सुटं सुटं करून तिच्यावरच्या अन्यायाकडे बघता येणार नाही.

आणि इथेही प्रश्न एका शब्दाचाच होता. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या त्या वेळच्या कलमात, ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला असेल तर जादा शिक्षा होती. आता सांगा, गुन्हेगाराने तिला का निवडलं? ती बाई म्हणून? अंध म्हणून? दलित म्हणून? ती प्रतिकार करू शकणार नाही, हे त्याला ज्या गोष्टींवरून वाटलं त्या सुट्या करता येतात का? न्यायालय म्हणालं, ‘या कारणावरून’ म्हणजे ‘केवळ याच कारणावरून’ असं वाचू नये. अमेरिकेतल्या त्या ‘केवळ’ची इथे आठवण येते.

तरीही या खटल्यात जातीच्या कारणाचा वेगळा पुरावा समोर आलेला नाही, म्हणून त्या कलमाखालची शिक्षा न्यायालयाने रद्द केली. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. म्हणजे विचार मान्य झाला, पण पुराव्याच्या पातळीवर तो अपुरा पडला. २०१६ पासून कलमाचे शब्द बदलले आहेत. आता ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढं पुरतं. मनातलं कारण सिद्ध करण्यापेक्षा माहिती होती हे सिद्ध करणं सोपं आहे. एका शब्दाने किती फरक पडतो बघा.

शब्द नवा असला तरी नजर नवी नाही. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात ती आपल्या जातीच्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते, डोक्यावर छप्पर नसताना होणाऱ्या बाळंतपणाबद्दल. बाळंतपण सगळ्या बायकांना आहे. गरिबी आणि अस्पृश्यता तिच्या जातीतल्या पुरुषांनाही आहे. पण उघड्यावरची ती बाळंतीण या दोन्ही रकान्यांत मावत नाही, हे त्या मुलीला दिसलं होतं.

पुढच्या वेळी कुठल्या अहवालात ‘स्त्रिया इतके टक्के’ आणि ‘मागासवर्गीय इतके टक्के’ असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले, तर दोन्ही बरोबर असले तरी एवढंच विचारा : या दोन रकान्यांच्या चौकात किती जण आहेत, आणि नसतील तर त्यांना कुठल्या दारातून परत पाठवलं? आज इथेच थांबू या.